‘हॅलो… मैत्रिणीनं हा नंबर दिला, पण हे नक्की काय आहे?’

हेल्पलाइनवर येणाऱ्या कितीतरी फोनांची सुरुवात अशीच होते. "हॅलो…" आणि मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. मागे पंख्याचा आवाज, कधी कुकरची शिट्टी, कधी एसटी स्टँडवरची घोषणा. मग हळूच, "माझ्या मैत्रिणीनं हा नंबर दिला. म्हणाली, एकदा लावून बघ. पण हे नक्की काय आहे, मला माहीत नाही."

गेली काही वर्षं मी आठवड्यातली एक संध्याकाळ अशा फोनसमोर बसते. मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. मन मोकळं करायला कुणी नसलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं प्रशिक्षण घेतलेली एक स्वयंसेवक आहे. त्या पहिल्या ‘हॅलो’ला काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला जितकं शिकवलं जातं तितकं दुसरं काहीच शिकवलं जात नाही. कारण पुढचा सगळा कॉल त्या उत्तरावर उभा राहतो, नाहीतर तिथेच तुटतो.

इथे ज्या मुलीबद्दल लिहिणार आहे ती कुणी एक मुलगी नाही. फोनवर ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे. म्हणून वेगवेगळ्या कॉलांमधले धागे घेऊन एक कॉल गुंफला आहे. वय तेवीस-चोवीस. मराठवाड्यातून पुण्यात एमपीएससीच्या तयारीसाठी आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. तिसरा प्रयत्नही पूर्वपरीक्षेतच अडकला. तीन आठवडे अभ्यासिकेत गेली नाही, मेसचा डबा तसाच परत जातो. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीनं ते पाहिलं आणि एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. खोलीत चौघीजणी असतात म्हणून ती जिन्यात येऊन फोन करते आहे. यातलं काहीही फोन उचलणाऱ्याला माहीत नसतं. त्याच्या कानावर फक्त ‘हॅलो’ पडलेलं असतं.

आता समजा मी म्हटलं, "बोला, काय प्रॉब्लेम आहे?" वाक्य चुकीचं नाही. बँकेत, दवाखान्यात, कस्टमर केअरला असंच विचारतात. पण या मुलीला ते परीक्षेतल्या प्रश्नासारखं ऐकू येतं. आपला ‘प्रॉब्लेम’ नेमका कोणता, हेच तिला सांगता येत नाहीये. ती म्हणते, "नाही, तसं काही नाही, सॉरी, चुकून लागला," आणि फोन ठेवते. असे कॉल होतात. नवीन स्वयंसेवकांना वाटतं की तिचं खरंच काही नव्हतं. जुन्यांना माहीत असतं की ‘तसं काही नाही’ हेच बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं.

ती जे विचारते आहे त्याच्या पोटात आणखी चार प्रश्न दडलेले असतात. तुम्ही कोण? हे कुणाला कळेल का? पैसे पडतात का? आणि सगळ्यांत खोल गेलेला चौथा : माझं दुखणं इथे फोन करण्याइतकं मोठं आहे का? लोकांना वाटतं की हेल्पलाइन म्हणजे अगदी टोकाला गेलेल्यांसाठीची सोय. त्यामुळे पुष्कळ जण आपण कुणाची तरी जागा अडवतोय अशा अपराधी भावनेनं फोन करतात.

म्हणून आमचं पहिलं उत्तर तिच्या अडचणीबद्दल नसतं. ‘हे काय आहे’ असं तिनं विचारलंय, तर त्याचंच सरळ उत्तर द्यायचं. मी साधारण असं म्हणते : "नमस्कार. बरं झालं फोन केलात. ही हेल्पलाइन आहे. मनात काही साचलेलं असेल, जड वाटत असेल, तर ते कुणाशी तरी बोलता यावं म्हणून आम्ही इथे बसतो. मी स्वयंसेवक आहे, डॉक्टर नाही. तुम्ही नाव सांगितलं नाहीत तरी चालेल, आणि बोलण्याचे पैसे पडत नाहीत. आत्ता जिथे आहात तिथे बोलता येईल ना?"

शेवटचा प्रश्न बारीकसा वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. फोन करणारी व्यक्ती एकटी असेलच असं नाही. शेजारी सासू असू शकते, दारू प्यायलेला नवरा असू शकतो, खोलीतल्या मैत्रिणी असू शकतात. "जिन्यात आहे, लोक ये-जा करतायत," असं ती म्हणाली तर मी सांगते, "मग तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा, मी तसे प्रश्न विचारीन. जागा मिळाली की मोकळं बोला." एवढ्यानं श्वास बदलल्याचं फोनवर ऐकू येतं. आपण म्हणू तसं इथे चालतं, हे तिला कळलेलं असतं.

मराठीत पहिल्याच मिनिटाला एक छोटा पेच येतो, तो म्हणजे ‘तू’ की ‘तुम्ही’. आवाज कोवळा असला की तोंडातून आपसूक ‘तू’ निघतं, त्यात मायाही असते. पण ‘तू’ म्हटलं की मी मावशी होते, आणि मावशीला सगळं सांगता येत नाही. ‘तुम्ही’नं अंतर राहतं, आणि अनोळखी माणसाजवळ मन उघडायला तेच अंतर उपयोगी पडतं. म्हणून सुरुवात नेहमी ‘तुम्ही’नं. तिनं स्वतःहून "ताई, मला अगं-तुगं करा" म्हटलं तर मग ‘तू’. ‘ताई’, ‘मॅडम’, ‘काकू’ यांपैकी ती काय म्हणते यावर मात्र आमचं काही म्हणणं नसतं. तिला जे जवळचं वाटेल ते.

गुप्ततेबद्दल खोटं वचन द्यायचं नसतं. "कुणालाही, कधीही कळणार नाही," हे वाक्य ऐकायला छान आहे, पण खरं नाही. आम्ही म्हणतो, "तुम्ही जे बोलाल ते संस्थेबाहेर जात नाही. जीव आत्ता या क्षणी धोक्यात असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मात्र मदत बोलवावी लागते, आणि तसं करण्याआधी मी शक्यतो तुमच्याशी बोलेन." मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. हे ऐकून घाबरून फोन ठेवणारे थोडे असतात. उलट बरेच जण सैलावतात, कारण समोरचं माणूस मर्यादा सांगतंय म्हणजे बाकीचंही खरं सांगत असावं.

हेल्पलाइन सगळ्या एकसारख्या नसतात, हेही सांगायला हवं. स्वयंसेवी संस्थांच्या काही लाइन माझ्यासारखी माणसं चालवतात. काही ठरावीक वेळेतच चालू असतात. सरकारची ‘टेली-मानस’ वेगळ्या घडणीची आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मध्यवर्ती केंद्र आहे. फोन लावला की भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे, आणि कॉल आपल्या राज्यातल्या केंद्राकडे जातो. तिथे आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर पुढच्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवतो. म्हणजे औषधाचा प्रश्न असेल, जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात जायचं हे हवं असेल, तर ती लाइन जास्त कामाची. लहान मुलांसाठी १०९८ आहे. तिची सुरुवात १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका प्रकल्पातून झाली होती. अपघात, मारहाण, जीवावरचं संकट असेल तर ११२.

मग डॉक्टर नसलेल्या माणसानं फोनवर बसून करायचं काय? हा प्रश्न मलाही पहिल्या दिवशी पडला होता. त्याचं उत्तर लंडनमधल्या एका चर्चमध्ये सापडतं. चॅड व्हाराह हा पाद्री. १९३५ साली, नोकरीच्या सुरुवातीलाच, त्याला एका शाळकरी वयाच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिली पाळी आली होती, आणि आपल्याला काहीतरी घाण रोग झालाय अशी समजूत करून घेऊन तिनं जीव दिला होता. विचारायला कुणी नव्हतं, एवढंच कारण. ते त्याच्या मनातून गेलं नाही. १९५३ साली त्यानं आपल्या चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जाहीर केलं की जीव द्यावासा वाटणाऱ्यानं इथे फोन करावा किंवा सरळ यावं.

माणसं यायला लागली, रांग लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा-पाणी द्यायला काही साधी माणसं मदतीला येत असत. काही महिन्यांत व्हाराहच्या लक्षात आलं की बाहेर चहा पीत बोललेली कितीतरी माणसं आत त्याला भेटायच्या आधीच "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जातात. चहा देणाऱ्यांनी सल्ला दिला नव्हता, निदान केलं नव्हतं, ती फक्त शेजारी बसून ऐकत होती. तेव्हा त्यानं फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती दिला. यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली, आणि जगभरातल्या स्वयंसेवी हेल्पलाइनची रीत तिथून आली. ज्यांना तज्ज्ञाची गरज होती त्यांना व्हाराह भेटतच राहिला, हेही इथे विसरू नये.

पण ‘नुसतं ऐकणं’ हे फसवं नाव आहे. आपण मराठी माणसं एकमेकांची फार काळजी करतो, आणि आपली काळजी सल्ल्याच्या रूपात बाहेर पडते. कुणी रडलं की "रडू नको", कुणी हरलं की "अगं, यात काय, पुढच्या वेळी होशील पास", कुणी थकलं की "आमच्या वेळी काय होतं माहितीये?" हे सगळं प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण त्या प्रत्येक वाक्यानं समोरच्याला कळतं की माझं दुःख यांना बघवत नाही, तेव्हा ते आवरतं घ्यायला हवं.

आमची मुलगी जिन्यात बसून म्हणते, "तिसऱ्यांदा नाही झालं माझं. बाबांनी यंदा सोयाबीन विकून फी भरली होती." इथे तोंडावर येणारी वाक्यं गिळायची. ‘तुम्ही खचू नका’ नाही, ‘दुसरं काही करून बघा’ नाही. मी म्हणते, "सोयाबीनचे पैसे." आणि थांबते. तिनं सांगितलेल्या शब्दांमधला सगळ्यांत जड शब्द उचलून तिच्यापुढे परत ठेवायचा, एवढंच. परीक्षेबद्दल तिनं रोजच्या आवाजात सांगितलं होतं. सोयाबीनवर आवाज कापला होता. खरी गाठ तिथे असते. तीन-चार सेकंदांनी ती म्हणते, "आई दर रविवारी विचारते, रिझल्ट कधी. मी सांगितलंच नाहीये अजून घरी."

ते तीन-चार सेकंद शिकायला मला सहा महिने लागले. फोनवरची शांतता फार लांब वाटते. घड्याळ लावून बघितलं तर ती पाच सेकंदांची असते, वाटते मिनिटाची. नवीन माणूस घाबरून ती भरून काढतो आणि नेमकं निघू पाहणारं वाक्य आत ढकलतो. शांतता फारच लांबली तर मी हळूच म्हणते, "मी आहे इथे. घाई नाही." फोनवर चेहरा दिसत नाही, मान डोलावलेली दिसत नाही. त्यामुळे आपण आहोत हे आवाजानंच कळवावं लागतं, आणि आपला ‘हं’ कसा निघतो यालासुद्धा अर्थ असतो.

आणखी एक शब्द आम्ही कटाक्षानं टाळतो, तो म्हणजे ‘का’. "का नाही सांगितलं घरी?" हा प्रश्न मराठीत जवळजवळ नेहमी जाब विचारल्यासारखा लागतो. आई विचारते, मास्तर विचारतात, साहेब विचारतात, आणि त्याच्यामागे चूक लपलेली असते. तोच प्रश्न "घरी सांगायचं म्हटलं की काय होतं मनात?" असा विचारला की तिला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. तिला उत्तर शोधावं लागतं, आणि ते बहुधा तिनं स्वतःही आधी ऐकलेलं नसतं. ती म्हणते, "बाबा काही बोलणार नाहीत. तेच नको वाटतं."

या वळणावर मला तो प्रश्न विचारावा लागतो, ज्याला घरोघरी सगळे घाबरतात.

मराठीत मरणाबद्दल आपण रोजच बोलतो. "मेले बाई मी काम करून", "जीव नकोसा झालाय या उकाड्यानं". यात काहीच नसतं. पण "आता बास झालं", "कुठेतरी निघून जावंसं वाटतं", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", "मी नसले तर बरं होईल", ही वाक्यं दमलेल्या, सपाट आवाजात आली की कान टवकारायचे. आमची मुलगी म्हणते, "सगळ्यातून एकदाचं सुटावं असं वाटतं." सुटणं म्हणजे परीक्षेतून सुटणं असेल, पुण्यातून असेल, किंवा आयुष्यातून. अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. आणि विचारताना आडून-आडून नाही : "तुम्ही म्हणालात सुटावंसं वाटतं. जीव द्यावा, असे विचार येतात का मनात?"

विचारलं तर उलट तिच्या डोक्यात ते भरेल, ही भीती फार जुनी आहे. ती तपासूनही पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांवर मुलांचे दोन गट केले होते. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार किंवा अस्वस्थता वाढलेली दिसली नाही, आणि जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर मी हेच ऐकते. प्रश्न विचारला की बहुतेक वेळा एक लांब श्वास सुटतो. कितीतरी दिवस एकटीनं वाहिलेली गोष्ट दुसऱ्या कुणीतरी नाव घेऊन, न घाबरता उच्चारलेली असते.

‘हो’ म्हणाली तर पुढचे प्रश्न पायरीपायरीनं. हे विचार कधीपासून, किती वेळा? नुसता विचार आहे की कसं, कधी हेही मनात ठरलंय? आज रात्रीचं काही ठरलंय का? त्यासाठीचं काही आत्ता हाताशी आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झालाय का? विचार येणं आणि बेत ठरलेला असणं यांत फार अंतर आहे. जितका बेत पक्का आणि जवळचा, तितकी घाई. हाताशी काही असेल तर आधी ते दूर करायला, कुणाच्या तरी ताब्यात द्यायला सांगतो, कारण असा प्रबळ क्षण बऱ्याचदा काही वेळानं ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंतचा वेळ मिळणं हेच वाचणं असतं. ते होईपर्यंत आम्ही फोन ठेवत नाही.

आमची मुलगी म्हणते, "विचार येतात. रात्री जास्त. पण ठरवलं वगैरे काही नाही." मी म्हणते, "सांगितलंत ते बरं केलंत." मग ती घाबरून विचारते, "पोलिसांना कळवाल का?" हा प्रश्न अजून येतो, कारण आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्याचं लोकांच्या मनात पक्कं बसलंय. नुसते विचार येणं गुन्हा कधीच नव्हतं. प्रयत्नाबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं चित्र बदललं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, असं त्याचं ११५ वं कलम सांगतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम उरलेलंच नाही. मी तिला यातलं एवढंच सांगते : "नाही. मनात असा विचार आला म्हणून कुणी तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही."

कॉल संपवायलाही वेळ द्यावा लागतो. तास उलटून गेला असला तरी ‘ठीक आहे, ठेवते’ असं तोडता येत नाही. आम्ही फक्त आजच्या रात्रीपुरतं बोलतो. रात्री विचार जास्त येतात, तर आजची रात्र कशी जाईल? कुणाशेजारी झोपता येईल? फोनमध्ये कुणाचा नंबर वर ठेवायचा? ती स्वतःच म्हणते, "जिनं नंबर दिला ना, ती वरच्याच मजल्यावर राहते." हे तिचं तिनं म्हणणं महत्त्वाचं. मी सुचवलं असतं तर तो सल्ला झाला असता. मग मी विचारते, की दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, हे डॉक्टरांना दाखवावंसं वाटतं का, आणि ती तयार असेल तर १४४१६ बद्दल सांगते. इतके दिवस झोप-भूक गेली असेल तर तो आजारही असू शकतो, आणि आजाराला नुसतं ऐकून घेणं पुरत नाही. तिथे आमचं काम संपतं आणि उपचाराचं सुरू होतं.

ऐकून घेऊन नोकरी मिळत नाही, कर्ज फिटत नाही, मारणारा नवरा थांबत नाही. आमची लाइन कधी व्यग्र लागते, आणि पहिल्यांदाच धीर करून लावलेला फोन व्यग्र लागणं याइतकं वाईट दुसरं काही नाही. कधी समोरचा स्वयंसेवक चुकतो. घाईनं सल्ला देतो, कमी लेखतो. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल तर चूक तुमची नाही. दुसरा नंबर लावा किंवा वेगळ्या वेळी लावा. चांगल्या कॉलची खूण साधी आहे : फोन ठेवताना प्रश्न सुटलेला नसतो, पण आपण सांगितलेलं समोरच्याला नीट कळलं असं वाटतं. वाईट कॉलची खूणही साधी आहे. तिथे आपण आपलं दुःख पटवून देत बसलेलो असतो.

फोन ठेवण्याआधी ती विचारते, "परत केला तर तुम्हीच असाल का?" नाही म्हणावं लागतं. "दुसरं कुणीतरी असेल. सुरुवातीपासून पुन्हा सांगावं लागेल, ते कष्टाचं आहे, मला कळतं. पण तेही असंच ऐकतील." आमच्यातलं नातं एका कॉलपुरतंच ठेवलेलं असतं. ती कुणा एका आवाजाला टांगून राहू नये, तिची आपली माणसं हळूहळू तिच्याभोवती यावीत, म्हणून ते तसं असतं.

मला सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं ते चिठ्ठी देणाऱ्या त्या मैत्रिणीसाठी. नुसतं "हा नंबर लाव" म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी वाटू शकतात : हिला मी वेडी वाटते, किंवा हिला माझा कंटाळा आलाय. त्याऐवजी हे काय आहे ते तिथेच सांगून टाकता येतं. "तिकडे एक बाई किंवा माणूस फोन उचलतो. नाव विचारत नाहीत. तू काही बोलली नाहीस तरी चालतं. आवडलं नाही तर ठेवून दे. आणि मी कुठे जात नाहीये, मलाही सांगत राहा." जमलं तर ती फोन लावत असताना दाराबाहेर बसावं. आम्हाला ते ऐकू येतं, बरं का. "एक मिनिट हां," म्हणून फोन बाजूला होतो, लांबून कुणीतरी "बोल तू, मी आहे इथे" म्हणतं, आणि मग आमच्या कानात तो ‘हॅलो’ येतो.